कोड बरोबर, भाव दुसऱ्याच मालाचा: VLOOKUP ची चौथी जागा

इंदुरात ठोक दुकानात हिशेबाला बसलात की पहिल्या काही दिवसांतच एक ठरावीक शीट तुमच्यासमोर येते. मग दुकान सियागंजातलं किराण्याचं असो, नाहीतर शहराबाहेरच्या नमकीनच्या कारखान्याचं. डावीकडे भावपत्रक असतं: कोड, माल, किलोमागे भाव. उजवीकडे बिल असतं: कोड टाकला की भाव आपोआप येतो, किलो टाकले की रक्कम येते. भाव आणून देणारा फॉर्म्युला बहुधा VLOOKUP असतो, आणि तो तुमच्या आधी तिथे बसलेल्या कुणीतरी लिहिलेला असतो.

हा फॉर्म्युला एका विशिष्ट परिस्थितीत दुसऱ्याच मालाचा भाव आणतो. लाल खूण येत नाही, इशाराही येत नाही. आकडा दिसायला अगदी शक्यतेतला असतो, कारण तो तुमच्याच भावपत्रकातला असतो. सेव २६० रुपयांना आणि मूगडाळ ३०० रुपयांना विकणाऱ्या दुकानात मूगडाळीपुढे २६० आलं, तर घाईत कुणाच्या डोळ्याला ते खुपत नाही. म्हणून हा दोष नजरेने शोधायच्या भानगडीत पडू नका. तो कसा घडतो ते समजून घ्या, म्हणजे तो कुठे दडलेला असणार हे आधीच कळेल.

खाली एक लहान उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. एक्सेल उघडा आणि सोबत करत चला. वाचनाच्या सोयीसाठी इथे अंक देवनागरीत आहेत. शीटमध्ये मात्र नेहमीचे इंग्रजी अंकच टाईप करा.

आधी हे भावपत्रक मांडा

कोऱ्या शीटमध्ये A1, B1, C1 मध्ये शीर्षकं लिहा आणि दुसऱ्या ओळीपासून माल भरा. क्रम असाच ठेवा, कारण सगळी गोष्ट क्रमाचीच आहे. भाव उदाहरणापुरते आहेत.

| ओळ | A: कोड | B: माल | C: भाव (किलो) |
|---|---|---|---|
| २ | १०४ | रतलामी सेव | २६० |
| ३ | १०९ | लौंग सेव | २८० |
| ४ | १०१ | साधी सेव | २२० |
| ५ | १०७ | खट्टा-मीठा | २४० |
| ६ | १०२ | गाठिया | २३० |
| ७ | ११२ | फलाहारी चिवडा | ३४० |
| ८ | १०५ | मूगडाळ | ३०० |

खऱ्या दुकानातलं भावपत्रक असंच असतं. जो माल आधी सुरू झाला तो वर, नंतरचा खाली. एखादा बंद झाला की त्याची ओळ पुसून तिथे दुसरा. कोड चढत्या क्रमाने लावायचे असतात हे कुणी कुणाला सांगितलेलं नसतं, आणि माणसाला वाचायला त्याने काही फरकही पडत नाही.

आता त्याच शीटवर E1 मध्ये कोड, F1 मध्ये किलो, G1 मध्ये भाव आणि H1 मध्ये रक्कम असं लिहून बिल मांडा. E2 ते E5 मध्ये अनुक्रमे १०४, १०५, १०९, १०२ हे कोड टाका आणि F2 ते F5 मध्ये १०, ५, ८, ६ किलो. मग G2 आणि H2 मध्ये हे लिहा आणि दोन्ही पाचव्या ओळीपर्यंत ओढा:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$C$8,3)
=F2*G2
```

पहिल्या फॉर्म्युल्याचा अर्थ असा: E2 मधला कोड घे, A2 ते C8 या टेबलच्या पहिल्या कॉलममध्ये तो शोध, आणि जी ओळ सापडेल तिच्या तिसऱ्या कॉलममधला भाव दे. डॉलरची खूण टेबलची जागा पक्की करते, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना टेबलही एकेक ओळ खाली सरकतं. तो वेगळा आजार आहे, त्याची गल्लत या आजाराशी करू नका.

काय आलं ते बघा

रतलामी सेवेसमोर २६० येईल, ते बरोबर आहे. मूगडाळीसमोरही २६० येईल, हवे होते ३००. लौंग सेवेसमोर २३० येईल, हवे होते २८०. आणि गाठियासमोर #N/A येईल, म्हणजे कोड सापडलाच नाही, खरं तर तो सहाव्या ओळीत डोळ्यांसमोर आहे.

चार कोड, चारही भावपत्रकात हजर. त्यातला एक बरोबर, दोन गुपचूप चुकलेले, एक उघड चुकलेला. नवीन माणूस इथे काय करतो? #N/A दिसतं, बिलाची बेरीजही त्यामुळे अडते, म्हणून तो भावपत्रक बघून गाठियाचे २३० हाताने भरतो. बेरीज येते, बिल छापलं जातं. उघड चूक मिटवल्यावर बाकीचं ठीकच असणार असं वाटतं, आणि नेमकी तिथेच दुकानाची रक्कम जाते. हिशेब करून बघा: असं हाताने दुरुस्त केलेलं बिल ७,१२० रुपयांचं होतं. खरं बिल ७,७२० रुपयांचं आहे. एका लहानशा बिलात ६०० रुपये कमी, आणि कागदावर कुठेही खाडाखोड नाही.

असं का होतं

VLOOKUP ला कंसात चार गोष्टी देता येतात. चौथी ऐच्छिक आहे आणि वर आपण ती दिलेली नाही. ती सोडली की एक्सेल तिथे TRUE आहे असं धरतं. फॉर्म्युला टाईप करताना तिसऱ्या आकड्यानंतर स्वल्पविराम दिलात तर एक्सेल स्वतःच दोन पर्याय दाखवतं: TRUE - Approximate match आणि FALSE - Exact match. म्हणजे चौथी जागा रिकामी ठेवून आपण नकळत ‘अंदाजे जुळलं तरी चालेल’ असं सांगून बसतो.

या ‘अंदाजे’चा नेमका अर्थ आहे. दिलेला आकडा सापडला तर तो, नाहीतर त्याहून लहान असलेल्यांपैकी सर्वांत मोठा. आणि हे लवकर शोधता यावं म्हणून एक्सेल यादी वरून खाली वाचत नाही. ते थेट मधल्या ओळीवर जातं. तिथला आकडा हव्या असलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर खालचा अर्धा भाग सोडून देतं, लहान असेल तर वरचा अर्धा भाग सोडून देतं. उरलेल्या भागाच्या मध्यावर पुन्हा तेच. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधूनच पान उघडतो आणि मग मागे किंवा पुढे जातो, तसंच. शब्दकोश वर्णानुक्रमाने लावलेला असतो म्हणून ही रीत तिथे चालते. आपलं भावपत्रक तसं लावलेलं नाही, पण एक्सेल ते तपासून बघत नाही. TRUE म्हटलं म्हणजे यादी चढत्या क्रमाने आहे, असं ते धरूनच चालतं.

गुगल शीट्समध्ये याच चौथ्या जागेचं नाव is_sorted असं आहे, आणि ते जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे TRUE लिहिणं म्हणजे ‘ही यादी क्रमाने लावलेली आहे’ अशी हमी आपण देणं. तिथेही जागा सोडली तर TRUE च धरलं जातं.

आता मूगडाळीचा कोड १०५ कसा चुकला ते ओळीओळीने पाहू. यादीत सात माल आहेत, म्हणून मधला चौथा: १०७. तो १०५ पेक्षा मोठा, म्हणून एक्सेल समजतं की १०५ असेल तर वरच असेल, आणि खालचे तिन्ही सोडून देतं. खरा १०५ त्या सोडलेल्या तिघांत सर्वांत शेवटी बसला आहे. आता तो काही केल्या सापडणार नाही. वर उरले १०४, १०९, १०१. त्यांतला मधला १०९, तोही मोठा, म्हणून आणखी वर. उरला १०४. तो १०५ पेक्षा लहान आहे, पुढे बघायला काही उरलं नाही, म्हणून ‘लहानांतला सर्वांत मोठा’ तोच ठरला. रतलामी सेवेचे २६० मूगडाळीसमोर आले ते असे.

लौंग सेवेचा १०९ तर यादीत दुसऱ्याच ओळीला आहे. पण मधल्या १०७ पेक्षा १०९ मोठा, म्हणून एक्सेलने वरचा भाग सोडला आणि खाली गेलं. तिथे १०२, ११२, १०५. मधला ११२ मोठा निघाला, म्हणून त्याच्या वरचा १०२ उरला, आणि गाठियाचे २३० मिळाले. गाठियाचा स्वतःचा १०२ मात्र १०७ वर पोचून वर वळला, १०९ आणि १०४ दोन्ही मोठे निघाले, घ्यायला लहान आकडाच उरला नाही, म्हणून #N/A. रतलामी सेवेचा १०४ याच वाटेने गेला आणि शेवटी स्वतःवरच येऊन थांबला. तो बरोबर आला हा निव्वळ योग आहे. म्हणून एक-दोन कोड टाकून बघितले आणि भाव जुळले, याने काहीच सिद्ध होत नाही.

यातूनच आणखी एका कोड्याचा उलगडा होतो. ‘काका, कालपर्यंत बरोबर येत होतं, मी फॉर्म्युल्याला हातसुद्धा लावला नाही,’ असं नवीन मुलं कळवळून सांगतात, आणि ती खरंच बोलत असतात. भावपत्रक आधी क्रमाने असतं, म्हणून TRUE असूनही सगळं ठीक चालतं. मग दिवाळीआधी एखादा नवा माल येतो, त्याला मधला एखादा मोकळा कोड दिला जातो, आणि त्याची ओळ सवयीने सर्वांत खाली लिहिली जाते. क्रम मोडतो. शिवाय ओळी वाढल्या की ‘मधली ओळ’ बदलते, त्यामुळे जे कोड आधी योगायोगाने बरोबर येत होते तेही चुकू शकतात. दोष फॉर्म्युल्यात पहिल्यापासून होता, तो उघडा पडला भावपत्रक बदलल्यावर.

पायरी १: दुरुस्तीआधी जुनी बिलं गोठवा

हे आधी करा, नंतर नाही. जुनी बिलं त्याच फाइलमध्ये फॉर्म्युल्यांसकट पडून असतील, तर फॉर्म्युला सुधारताच त्यांचे आकडेही बदलतील आणि गिऱ्हाइकाला दिलेल्या छापील कागदाशी ते जुळणार नाहीत. म्हणून फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइलमध्ये जुन्या बिलांचा भाग निवडून कॉपी करा आणि त्याच जागी Paste Special मधून Values पेस्ट करा. फॉर्म्युले जातात, दिलेले आकडे आहेत तसे राहतात.

पायरी २: भाव कुणाचा आला ते फॉर्म्युल्यालाच विचारा

बिलाशेजारी एका रिकाम्या कॉलममध्ये, समजा I2 मध्ये, तोच फॉर्म्युला लिहा. फक्त ३ च्या जागी १ घाला, म्हणजे तो भाव न आणता सापडलेला कोड आणेल:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$C$8,1)
```

आपल्या उदाहरणात E3 मध्ये १०५ आहे आणि I3 मध्ये १०४ दिसेल. E4 मध्ये १०९ आहे आणि I4 मध्ये १०२. मागितला एक, मिळाला दुसरा. मोठ्या बिलात नजरेने जुळवत बसायला नको असेल तर शेवटी `=E2` जोडा:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$C$8,1)=E2
```

TRUE आलं तर त्या ओळीचा भाव योग्य मालाचा आहे, FALSE आलं तर दुसऱ्याचा. #N/A आलं तर तो कोड या वाटेने सापडलाच नाही. हा दोष ओळखायची याहून सरळ तपासणी मला माहीत नाही, आणि दुरुस्ती करायच्या आधी ती एकदा करून घ्याच. भाव चुकायला इतरही कारणं असतात: भावपत्रकातच जुना भाव राहिलेला असतो, किंवा तिसऱ्याऐवजी दुसरा कॉलम दिलेला असतो. तपासणीत सगळीकडे TRUE आलं आणि तरीही भाव चुकीचा असेल, तर हा लेख तुमच्या दुखण्यावरचा नाही, भावपत्रक उघडा.

यादी क्रमाने आहे की नाही हेही एका फॉर्म्युल्याने कळतं. खालच्या ओळीतला कोड वरच्यापेक्षा लहान आहे, असं किती ठिकाणी घडतं ते हा मोजतो:

```
=SUMPRODUCT(--(A3:A8<A2:A7))
```

शून्य आलं तर यादी चढत्या क्रमाने आहे. आपल्या भावपत्रकात ३ येईल: १०९ नंतर १०१, १०७ नंतर १०२, ११२ नंतर १०५.

पायरी ३: चौथी जागा भरा

G2 मधला फॉर्म्युला असा करा आणि पुन्हा खाली ओढा:

```
=VLOOKUP(E2,$A$2:$C$8,3,FALSE)
```

आता चारही भाव बरोबर येतील: २६०, ३००, २८०, २३०, आणि बेरीज ७,७२०. FALSE च्या जागी ० लिहिलं तरी चालतं, अर्थ तोच. जुन्या फाइलींमध्ये कधीकधी `,3,)` असा, शेवटी नुसता स्वल्पविराम देऊन सोडलेला फॉर्म्युला दिसतो. तोही अचूक जुळणीच करतो, कारण स्वल्पविरामानंतरची रिकामी जागा एक्सेल शून्य धरतं. पण एका स्वल्पविरामावर दुकानाचे भाव टांगून ठेवू नयेत. तिथे FALSE लिहून टाका.

यावर बरेच जण सांगतात की भावपत्रक सॉर्ट केलं की झालं. सॉर्ट केल्याने त्या दिवशी भाव बरोबर येतील हे खरं आहे, पण हा उपाय मला पटत नाही. पुढच्या वेळी कुणी खाली नवी ओळ लिहिली की दोष परत हजर. त्याहून वाईट म्हणजे फक्त कोडचा कॉलम निवडून सॉर्ट केलं तर कोड हलतात आणि माल-भाव जागेवर राहतात. एक्सेल त्या वेळी विचारतं, पण घाईत Continue with the current selection वर टिचकी पडली की सगळं भावपत्रकच विस्कटतं. शिवाय सॉर्ट करून, पण TRUE ठेवून, आणखी एक चूक तशीच राहते: कुणी भावपत्रकात नसलेला कोड टाकला, समजा १०६, तर त्याला मुकाट्याने १०५ चा भाव मिळेल. FALSE असेल तर #N/A येईल आणि चूक तिथेच थांबेल.

फाइलमध्ये असे शेकडो फॉर्म्युले असतील तर Ctrl+H वापरता येतं. Find what मध्ये `,3)` आणि Replace with मध्ये `,3,FALSE)` लिहा. मात्र आधी फक्त बिलाचा भाव-कॉलमच निवडा. संपूर्ण शीटवर चालवलंत तर कुठेतरी असलेला ROUND सारखा फॉर्म्युलाही, जो `,3)` ने संपतो, तोही बदलायला जाईल.

पायरी ४: आता येणारे #N/A वाचा

खऱ्या फाइलमध्ये FALSE लिहिल्यावर बहुतेक वेळा एकदम काही #N/A उगवतात. नवीन माणूस इथे घाबरतो, आणि ‘आधी तर येत होतं’ म्हणून FALSE काढून टाकतो. तसं करू नका. ते कोड आधीही सापडत नव्हते. फक्त त्यांच्या जागी दुसऱ्याचा भाव दिसत होता.

कारण साधारण तीनपैकी एक असतं. पहिलं, कोड भावपत्रकात खरोखरच नाही. ओळ भरा, किंवा बिलातला कोड सुधारा. दुसरं, कोड दोन्हीकडे दिसतो, पण एकीकडे तो आकडा आहे आणि दुसरीकडे मजकूर. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या यादीत हे फार वेळा होतं. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, आणि खात्री करायची तर `=ISNUMBER(A6)` लिहून बघा. FALSE आलं तर तो मजकूर आहे. सगळा कॉलम निवडून Data मधल्या Text to Columns वर जा आणि काही न बदलता Finish दाबा, मजकूर झालेले आकडे पुन्हा आकडे होतात. तिसरं, कोडमध्ये अक्षरं असतील, जसं RS04, तर मागे एखादी मोकळी जागा चिकटलेली असू शकते. `=LEN(A6)` ने अक्षरं मोजा. चारऐवजी पाच आली तर ती पाचवी म्हणजे तीच मोकळी जागा.

#N/A दिसू नये म्हणून फॉर्म्युल्याभोवती IFERROR लावून शून्य दाखवायची पद्धत फार पसरली आहे. बिलात ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शून्य भावाने माल बेरजेत निघून जातो आणि बेरीज न अडकता येते. #N/A असलं की बेरीज अडते, आणि बिलात ती अडलेलीच बरी. अगदीच काही लिहायचं असेल तर मजकूर लिहा:

```
=IFNA(VLOOKUP(E2,$A$2:$C$8,3,FALSE),"कोड नाही")
```

इथे भावाच्या जागी शब्द आल्यामुळे रकमेत #VALUE! येईल आणि बिल पुढे जाणार नाही, म्हणजे आपल्याला हवं तेच होईल.

पायरी ५: सवलतीच्या टेबलला हात लावायच्या आधी थांबा

एवढं कळल्यावर उत्साहात फाइलमधल्या प्रत्येक VLOOKUP ला FALSE लावायचा मोह होतो. पण एक जागा अशी आहे जिथे TRUE च हवं. समजा दुकानात वजनावर सूट आहे: १० किलोपासून २ टक्के, २५ पासून ४, ५० पासून ६. J2 ते J5 मध्ये ०, १०, २५, ५० आणि K2 ते K5 मध्ये ०, २, ४, ६ टक्के लिहिलेत, तर फॉर्म्युला असा:

```
=VLOOKUP(F2,$J$2:$K$5,2,TRUE)
```

१८ किलो कुठेच लिहिलेले नाहीत, पण त्याहून लहानांतला सर्वांत मोठा १० आहे, म्हणून २ टक्के मिळतात. ‘अंदाजे’ जुळणी बनवलीच आहे अशा टप्प्यांसाठी. इथे FALSE लावलंत तर १८ ला #N/A येईल. पहिली ओळ शून्याची ठेवली आहे तीही मुद्दाम, नाहीतर ८ किलोच्या गिऱ्हाइकाला #N/A मिळेल. आणि चौथी जागा इथे रिकामी न सोडता TRUE लिहा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कळेल की हे विसरून झालेलं नाही.

पण टप्प्यांचं टेबल चढत्या क्रमाने असणं इथे अनिवार्य आहे. मालकांनी १५ किलोला ३ टक्क्यांचा नवा टप्पा सांगितला आणि तुम्ही तो सहाव्या ओळीत, ५० च्या खाली लिहून फॉर्म्युल्यातली जागा K6 पर्यंत वाढवली, तर बघा काय होतं. १८ किलोला ३ ऐवजी २ च टक्के मिळतील, कारण मधला २५ मोठा निघतो आणि शोध वर वळतो. ६० किलोला ६ ऐवजी ३ टक्के मिळतील, कारण शोध खाली जातो आणि शेवटी १५ च्या ओळीवर थांबतो. २६० रुपये किलोची ६० किलो सेव म्हणजे १५,६०० रुपये. त्यावर ९३६ ऐवजी ४६८ रुपये सूट लागली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून नवा टप्पा नेहमी आपल्या क्रमाच्या जागी, ओळ मध्ये घालूनच लिहा.

XLOOKUP असेल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ आणि त्यापुढचं असेल तर XLOOKUP मिळतं; गुगल शीट्समध्येही आहे. तिथे काही न सांगता अचूक जुळणीच धरली जाते, म्हणून कोडवरून भाव आणायला ते जास्त सुरक्षित आहे:

```
=XLOOKUP(E2,$A$2:$A$8,$C$2:$C$8)
```

सवलतीच्या टप्प्यांसाठी शेवटी -१ देतात, आणि ते टप्पे क्रमाने नसले तरी योग्य टप्पा सापडतो, कारण XLOOKUP एरवी यादी वरून खाली वाचतं:

```
=XLOOKUP(F2,$J$2:$J$6,$K$2:$K$6,,-1)
```

दुकानातल्या जुन्या संगणकावर २०१६ किंवा २०१९ असेल तर मात्र हा फॉर्म्युला तिथे चालणार नाही. फाइल ज्या ज्या संगणकावर उघडली जाते ते सगळे आधी बघा, नाहीतर घरी बसून केलेली सुधारणा दुकानात #NAME? होऊन बसेल. INDEX आणि MATCH वापरणाऱ्यांनी MATCH ची तिसरी जागा तपासावी. ती सोडली तर तिथेही अंदाजे जुळणीच होते. ० लिहावं लागतं.

पायरी ६: गेलेल्या बिलांचा फरक काढा

गोठवलेल्या बिलांशेजारी नव्या कॉलममध्ये सुधारलेला फॉर्म्युला लावा आणि दिलेल्या भावाशी वजाबाकी करा. मधल्या काळात भाव वाढले असतील तर त्या तारखेचं जुनं भावपत्रक लागेल. आजच्या भावाने जुनं बिल तपासलं तर नसलेला फरक दिसेल. आपल्या उदाहरणात मूगडाळीत ५ किलोमागे २०० आणि लौंग सेवेत ८ किलोमागे ४०० रुपये कमी लागले आहेत. काही बिलांत उलटही झालेलं असेल: स्वस्त मालाला महागाचा भाव लागून गिऱ्हाइकाकडून जास्त घेतलेले असतील. दोन्ही बाजूंची वेगवेगळी बेरीज करा. एकातून दुसरी वजा केली तर आकडा लहान दिसतो, पण ज्याच्याकडून जास्त घेतले तो आणि ज्याच्याकडून कमी घेतले तो, ही दोन वेगळी माणसं आहेत.

ही यादी गिऱ्हाईकवार, बिल क्रमांक आणि तारखेसकट मालकांपुढे ठेवा. जीएसटीच्या बिलात कमी आकारणी झाली असेल तर डेबिट नोट आणि जास्त झाली असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि ती कोणत्या महिन्यात दाखवायची हे दुकानाच्या सीएला विचारूनच ठरवा.